साहिलला सापडलेला 'स'

मंडळी, आज वर्गात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही!

आमच्या तिसगावच्या शाळेत तिसरीतला साहिल आज पहिल्यांदाच दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावून आला. एक यंत्र सारखं शिट्टी वाजवत होतं. कानातला साचा सैल बसला होता. मी तो नीट बसवला आणि शिट्टी थांबली. मग पंखा, खडू, सरकणारे बाक, प्रत्येक आवाजाला तो दचकून बघायचा.

'स'सारखे बारीक आवाज त्याला कधी ऐकूच येत नव्हते. स्वतःचं नावही तो 'आहिल' असंच सांगायचा.

हजेरीत मी नाव घेतलं, तसा तो ताडकन उभा राहिला.

"मॅडम, माज्या नावात आदी 'स' हाय?"

"हाय की! म्हण बरं."

"स्स्साहिल!"

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहिल हसत ओरडला, "हळू रे! मला ऐकू येतंय!"

आपलं नाव पहिल्यांदा पूर्ण ऐकणं कसं वाटत असेल हो?