वरचा

आमच्या प्रताप नगरच्या सोसायटीची बैठक म्हणजे नुसता भाजीबाजार. पाण्यावरून सुरू होते, लिफ्टवर जाते, मधेच कोणाला चौकीदार आठवतो, की पुन्हा पाणी. मी निवृत्त लघुलेखक, म्हणून इतिवृत्त माझ्या गळ्यात. जे आधी बोललं गेलं ते आधी, असंच मी जन्मभर लिहिलं. यंदा सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, असं कोणी वाचून नाही राहिलं. विषयवार करून द्या ना." माझं डोकं तापलं, पण बसलो.

त्यांना घाई होती. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंच्या मुलाने पुण्याहून इतिवृत्त मागवलं होतं. आईला भास होतात, असं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. बैठकीत ती खरंच असंबद्ध बोलली असेल, तर फ्लॅट विकून तो तिला घेऊन जाणार होता. काकूंना हे घर सोडायचं नव्हतं.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून मी सगळं टाईप केलं. प्रत्येक वाक्यापुढे वेळ आणि विषयाचा आकडा घातला: पाणी एक, लिफ्ट दोन, चौकीदार तीन, रंगकाम चार. मग एकेका आकड्याची वाक्यं एकत्र आणली, आतला क्रम वेळेप्रमाणेच ठेवून. "ते बंद करा" असलं वाक्य जागचं हललं की 'ते' कोणतं हे कळत नाही. तिथे कंसात 'टाकीचा व्हॉल्व्ह' असं लिहावं लागतं.

काकूंची वाक्यंही मी अशीच वाटून टाकली. "वरचा नळ दुपारी चालू राहते, माह्या भिंतीत ऐकू येते मले," हे पाण्यात. "लिफ्ट वर जाते, मंग कोणी पायऱ्यांनं उतरते अन् माह्या दाराशी थांबते," हे लिफ्टमध्ये. "माही दुसरी चावी सापडून नाही राहिली," हे चौकीदारात. सगळं छान बसलं. उरलं फक्त रंगाच्या चर्चेतलं एक वाक्य: "मी दुपारी कवा झोपते, वरच्याले बरोबर माहीत आहे." त्यावर कोणीतरी म्हणालं होतं, "त्याले सगळ्यायचंच माहीत असते, काकू." पुढे हशा. त्यात माझंही हसू होतं.

हे विषयाबाहेरचं म्हणून वगळणार होतो. तरी सवयीने कंसात 'वरचा म्हणजे देव' लिहायला गेलो आणि बोटं थांबली. काकूंच्या घरी देव नाही. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली याच शहरात धम्मदीक्षा घेतलेली. काकू गणपतीची वर्गणी देतात, आरतीला मात्र येत नाहीत. आकाशातल्या कोणाला काही माहीत असतं, असं ही बाई या जन्मात बोलणार नाही.

मग मी चारही वाक्यं आपापल्या विषयातून उपटली आणि एकाखाली एक लावली. वरचा म्हणजे वरच्या मजल्यावरचा. काकूंच्या डोक्यावरचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दीड वर्षापासून बंद होता. मालक परदेशात, किल्ली सेक्रेटरीबाईंकडे.

बाईंना घेऊन मी तेव्हाच वर गेलो. किल्ली मीच लावली. बिजागरी जराही कुरकुरली नाही. हॉलमध्ये बोटभर धूळ आणि धुळीतून आत गेलेली एक स्वच्छ पायवाट. बाथरूममधली बादली ओली होती. बेडरूममध्ये, काकूंचा पलंग खाली जिथे आहे नेमक्या त्याच जागी, जमिनीवर एक सतरंजी. पण उशी नव्हती. माणूस तिथे झोपत नसावा, कान लावत असावा. भिंतीतल्या खिळ्याला एक चावी होती, काकूंच्या दारासारखी.

ती त्यांच्याच दाराला लागली. पोलीस आले, कुलपं बदलली, पण तो कोण होता ते आजवर कळलेलं नाही. चौथ्या मजल्याकडे मी अजूनही बघत नाही.

मुलाला पाठवलेल्या इतिवृत्तात मी पाचवा विषय घातला, 'वरच्या फ्लॅटमधील वावर', आणि त्याखाली काकूंची चार वाक्यं, वेळेसकट. ते वाचल्यावर त्याने फ्लॅट विकायचं पुन्हा काढलं नाही. एक प्रत मी काकूंना द्यायला गेलो. विखुरलेलं जोडून दाखवल्याचा थोडा तोरा माझ्या बोलण्यात असणार. काकूंनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"हे मी तोडून तोडून थोडीच बोलली, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी एकच गोष्ट सांगून राहिली होती. मधात तुम्ही बोलत होते."