चार दिवसांचा ग्रह

वेधशाळेत मला सगळे हत्ती म्हणतात. वजनामुळे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

दर चौथ्या संध्याकाळी मी ताऱ्यांचा प्रकाश रंगांत फोडून त्यातल्या रेषा टिपणाऱ्या यंत्राच्या बंद खोलीत शिरतो आणि ते गार ठेवणारा नायट्रोजन भरतो. माझ्या अंगच्या उष्णतेनेही यंत्र किंचित बदलतं. म्हणून रोजच्यासारखंच भरल्यावरही यंत्रातल्या ठरलेल्या दिव्याचं चित्र घ्यायचं असतं. दिव्याच्या रेषा जागच्या हलत नाहीत. त्या सरकल्या तर चूक यंत्राची. मी कंटाळा करायचो. आदल्या दिवशीच्या चित्रावर नवी तारीख टाकून मोकळा व्हायचो.

एका ताऱ्याच्या रेषा दर चार दिवसांनी निळ्याकडे सरकून परत तांबड्याकडे येऊ लागल्या. आमच्या खगोलशास्त्रज्ञ बाई हरखून गेल्या. म्हणाल्या, "ग्रहाच्या ओढीने तारा डुलतोय! आपल्याकडे आला की रेषा निळ्याकडे, लांब गेला की तांबड्याकडे. ग्रह जड आणि जवळचा दिसतोय. ओढ जोरात, फेरी झटपट. असेच आधी सापडतात. हलके, लांबचे ग्रह ताऱ्याला जेमतेम हलवतात."

पुढच्या आठवड्यात दिसलं की दुसरा ताराही त्याच तारखांना तसाच डुलला होता. दोन ताऱ्यांचा एकच ताल, म्हणजे चूक यंत्राची. बाईंनी दिव्याची चित्रं मागवली. वेगळ्या तारखांची दोन चित्रं ठिपक्यान् ठिपका सारखी निघाली; खरी दोन चित्रं कधीच इतकी जुळत नाहीत.

त्या तारखा माझ्या नायट्रोजन भरण्याच्या होत्या, हे मीच कबूल केलं. बाई ओरडल्या नाहीत.

"जड आणि जवळचा," त्या हळूच म्हणाल्या, "तो तूच होतास तर."