साहूबाबूंचं साडेनऊ

दुर्गजवळच्या आमच्या शाळेत छेदीलाल साहू हेडक्लार्क होते. मी ग्रंथपाल, शेजारच्याच खोलीत बसायचे. दहावीला टक्क्यांऐवजी ग्रेड देण्याची ती वर्षं. निकाल लागला की साहूबाबूंच्या खिडकीशी अर्धं गाव गोळा व्हायचं.

त्या जूनमध्ये बसकंडक्टर घासीराम देवांगन मुलीला घेऊन, तिची मार्कशीट नाचवत आला. रुख्मिनला ग्रेडच्या सरासरीत दहापैकी ८.४ मिळाले होते. याने दहाने गुणून चौकात फलक लावला होता, ‘८४ टक्के!’ आता समाजाच्या सत्काराचा अर्ज भरायचा होता. अट ऐंशी टक्क्यांची.

साहूबाबूंनी चष्मा पुसला. “साडेनऊने गुणायचं, घासीराम. एकोणऐंशी पूर्णांक आठ.”

“साडेनऊ? अर्धा कुणी खाल्ला?”

“कुणी नाही. बोर्डाचा नियमच तसा आहे. हिंदी-इंग्रजीत ए-टू, म्हणजे नऊ-नऊ. बाकी तिन्हींत बी-वन, आठ-आठ. बेरीज बेचाळीस, भागिले पाच. आणि हे टक्केही अंदाजाचेच. ए-टू म्हणजे एक्याऐंशी ते नव्वदमधलं काहीही.”

“मग अंदाज थोडा वर करा की! पॉइंट दोनच कमी पडतायत. ग्रेस द्या.”

“ग्रेस म्हणजे काय भाजीवरची कोथिंबीर? पास व्हायला दोन-तीन मार्क कमी पडले, तर बोर्ड देतं. तुझी पोरगी चांगली पास झालीय.”

“तुम्हाला काय कळणार थोडक्यात हुकल्याचं दुःख!”

साहूबाबू खाली बघून म्हणाले, “गणितात तीन मार्कांच्या ग्रेसवर मॅट्रिक झालोय मी. म्हणून तर हा हिशेब इतका पक्का केला.”

मी कपाटाआडून ऐकत होते. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

रुख्मिन हळूच म्हणाली, “बाबूजी, मग ज्यांचे अर्ज आधीच गेलेत, त्यांनी कितीने गुणलंय?”

साहूबाबू उठलेच. तिघे समाजाच्या सेक्रेटरींकडे गेले, मीही मागोमाग. आधी आलेल्या चौदा अर्जांची यादी निघाली. सगळ्यांनीच दहाने गुणलेलं! साडेनऊ लावताच सहाजण ऐंशीच्या खाली घसरले. त्यांत ८.२ वाला सेक्रेटरींचा नातूही होता. त्याचे सत्त्याहत्तर पूर्णांक नऊ झाले.

सेक्रेटरींनी खाकरून विचारलं, “हे नक्की का?”

“नक्की,” साहूबाबू म्हणाले.

“ऐंशीची अट जरा कडकच होती, नाही का?” सेक्रेटरींनी आकडा खोडला आणि स्वतःच्या हाताने पंचाहत्तर लिहिलं.

“अर्धा बोर्डाने खाल्ला, आता पाच तुम्ही खाल्लेत!” घासीराम म्हणाला आणि सगळे हसले. सेक्रेटरीही, थोडं उशिरा.

रविवारी रुख्मिन धरून पंधराही मुलांचे सत्कार झाले. अर्ज तिने स्वतः भरला होता, ७९.८. अकरावीला तिने गणित घेतलं. घासीरामला ते फारसं पटलं नव्हतं, पण विचारलं कुणी?