सोळा तासांचा दिवस

भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या आमच्या खोलीत आम्ही पोलाद कारखान्यातले तिघे राहायचो. मी टाइम ऑफिसात कारकून, दुसरा टायपिस्ट आणि तिसरा रिगर, म्हणजे क्रेनला लोखंड बांधून वर चढवणारा. तिघेही नागपूरकडचे. मी आणि टायपिस्ट जनरल शिफ्टवाले, आठला जायचो आणि पाचला सुटायचो. रिगरची पाळी मात्र दर आठवड्याला फिरायची.

घरकामावरून रोज कुरबूर व्हायची. पाणी, स्वयंपाक, झाडू, भांडी. एकेक दिवस एकेकाने करावं, असं रिगरचं म्हणणं. टायपिस्टाला ते पटेना, कारण त्याला संध्याकाळी व्हॉलीबॉल असायचा आणि त्याच्यावाचून भिलाईचा कारखाना बहुधा अडला असता. तेव्हा मी मध्ये पडलो. दिवसभर हजारभर माणसांची हजेरी लावणाऱ्याला तिघांचं काय अवघड? मी म्हणालो, "ज्याच्याकडे वेळ जास्त, त्याच्याकडे काम जास्त." वाक्य इतकं झकास झालं की मीच ते दोनदा म्हटलं.

ऑफिसातून रेघा मारलेला कागद आणला. सकाळी सहा ते रात्री दहा, असे सोळा रकाने पाडले. ड्यूटीच्या रकान्यांत फुल्या मारल्या. आम्हा दोघांच्या फुल्यांनी अर्धा कागद भरला. रिगरची रात्रपाळी आली की त्याची ओळ कोरी करकरीत! रात्री दहाला जाणारा आणि सकाळी सहाला सुटणारा माणूस माझ्या कागदावर दिवसभर रिकामाच होता. मग रात्रपाळीच्या आठवड्यात नळावरचं पाणी त्याचं, दुपारची भांडी त्याची, रॉकेलची रांग त्याची आणि संध्याकाळचा स्वयंपाकही त्याचाच. कागद भिंतीला चिकटवला, वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'समान वाटप'. टायपिस्टाने तर टाळी दिली.

रिगर कागदाकडे बघत राहिला. "हिशोब तं बरोबरच असन. तुमचं कामच हाय थे," एवढंच म्हणाला. शिकलेल्या माणसाच्या रेघांवर त्याचा विश्वास होता आणि मी तो पुरेपूर वापरला.

त्याची ट्रेड टेस्ट जवळ आली होती. पास झाला की वरची ग्रेड, आणि मग बायकोला गावाहून आणायचं, असं त्याचं ठरलं होतं. नेमकी टेस्ट रात्रपाळीच्या आठवड्यात, दुपारी आली. आदल्या दिवशी तो म्हणाला, "भाऊ, उद्या एक दिवस पानी तुमी भरता का? मले जरा झोपा लागन."

मी कागदावर बोट ठेवलं. "बघ, उद्या माझी ओळ भरलेली आहे. नियम सगळ्यांना सारखा." सकाळचा नळ साडेपाचला यायचा आणि सातला जायचा. त्या वेळी मी काय करत होतो? झोपलो होतो. पण माझी झोप कागदाच्या बाहेर होती, तिला कोण हात लावणार!

दुसऱ्या दिवशी तो रात्रपाळीवरून आला, रांगेत उभा राहून पाणी भरलं, रॉकेल आणलं आणि तसाच टेस्टला गेला. तिथे नंबर यायची वाट बघता बघता बाकावर बसल्या बसल्या झोपला. हाक मारली तर उठेना. "झोपेतल्या माणसाला लोखंडाजवळ जाऊ देत नसतात," म्हणून परीक्षकाने परत पाठवलं. त्या माणसाचं चुकलं नव्हतं. पुढची टेस्ट सहा महिन्यांनी.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा तो कागदासमोर उभा होता. चिडलेला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "भाऊ, ऑफिसात रातभर मले तुमीच हजर लावता. घरी दिवसभर बी हजरच लावून राहिले. मंग मी झोपू कवा?"

मला शरम वाटली, खरोखर वाटली. टायपिस्टाने व्हॉलीबॉलचे बूट हळूच बाजल्याखाली सरकवले.

नवा कागद चोवीस तासांचा केला. आधी प्रत्येकाची आठ तासांची झोप वजा केली, मग ड्यूटी, मग येणं-जाणं. जो उरला तो खरा मोकळा वेळ, आणि त्याच्या मानाने कामं. रात्रपाळीत पहाटेचं पाणी माझं, रॉकेल आणि भांडी टायपिस्टाची, चारला उठून संध्याकाळचा स्वयंपाक तेवढा रिगरचा. सकाळपाळीत तो अडीचला परतायचा, तेव्हा संध्याकाळचा नळ आणि बाजार त्याचा. मोकळा वेळ सगळ्यांत जास्त कोणाचा निघाला, हे सांगायला मला अजूनही आवडत नाही.

सहा महिने तो कागद चालला. दुसऱ्या खेपेला रिगर भरपूर झोप काढून टेस्टला गेला, पास झाला, आणि बायकोला आणायला वेगळी खोली घेतली. सामान बांधताना त्याने पाण्याची बादली उचलली. मी म्हणालो, "अरे, ती खोलीची आहे ना?"

"नाई भाऊ, मायी हाय," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासून."

इतके दिवस मी सगळं मोजत होतो, आणि हे मला माहीत नव्हतं.