आर्नफिनचा बारमाही फुटबॉल

आर्नफिन धंद्याने इलेक्ट्रिशियन, पण लोमेदाल गावात त्याला ओळखत ते मुलींच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणून. पगार नाही, मानधन नाही. आमच्या नॉर्वेत लहान मुलांचे संघ आईबापच चालवतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या गळ्यात शिट्टी पडते. आर्नफिनचा आवाज पार नदीपलीकडे जायचा.

पूर्वी बर्फ पडला की चेंडू माळ्यावर जायचा आणि स्की खाली यायच्या. मग गावात छपराखालचं मैदान आलं. आत कृत्रिम गवत, दिवे, ऊब. झालं, आर्नफिन हरखला! दहा वर्षांच्या पोरींच्या सामन्यांचे गुणतक्ते लावायचे नाहीत, असा आमच्याकडे नियम आहे. तो त्याने इमानदारीत पाळला. तक्ता लावला नाही, फक्त पोरींचा हिवाळा काढून घेतला.

स्की शिकवणारी म्हातारी बोर्गहिल्ड एकदा तिथे येऊन उभी राहिली.

"बर्फाचे चार महिने तरी सोड की रे पोरींना. वसंतात घे परत."

"आणि तोवर शेजारच्या गावाला पुढे जाऊ दे?"

"अरे, दुधाचे दात पडतायत अजून त्यांचे!"

"माझ्या लेकीकडे, सुन्निवाकडे बघ. असा डावा पाय अख्ख्या खोऱ्यात नाही."

"ती लवकर वाढलीय, सगळ्यांत उंच आहे, म्हणून. बाकीच्या वाढल्या की मग बोल."

"तुझ्या स्कीच्या वर्गाला पोरी कमी पडतात, हे सरळ सांग ना!"

ते अर्धं खरं होतं. बोर्गहिल्ड आली तशी निघून गेली. आर्नफिनने पोरींना सांगून टाकलं, एकतर इथे, नाहीतर तिथे. काही सोडून गेल्या. सुन्निवाला कुणी विचारलंच नाही. तिला ओढून नेलं असंही नाही. तिला फुटबॉल मनापासून आवडायचा, आणि बाप खूश झालेला त्याहून जास्त आवडायचा.

अकराव्या वर्षी तिच्या टाचा दुखू लागल्या. वाढीचं दुखणं, म्हणत आर्नफिनने पट्ट्या बांधल्या आणि सराव चालू ठेवला. तेराव्या वर्षी बाकीच्या मुली उंचीला तिच्याएवढ्या झाल्या आणि सुन्निवा चारचौघींसारखी खेळू लागली.  आर्नफिनने आणखी सराव वाढवला. तिची पाठ दुखत होती, पण तिने सांगितलं नाही. सांगितलं की बाप जेवताना बोलत नसे.

चौदाव्या वर्षी एका सामन्यात तिने कोपऱ्यावरून चेंडू मारला आणि तिथेच वाकून उभी राहिली. तपासणीत कमरेच्या मणक्याला चीर निघाली.

"आठवड्याला किती तास खेळते?" फिजिओथेरपिस्ट हेल्गेने विचारलं.

"सोळा," आर्नफिन जरा ऐटीतच म्हणाला.

"वयापेक्षा जास्त तास, एकच खेळ, आणि वर्षभर खंड नाही. वाढत्या वयातलं हाड कच्चं असतं. पाठ मागे वाकवायची, पिळायची, फटका मारायचा, पुन्हा तेच. वायर एकाच जागी वाकवत राहिलं की काय होतं, ते तुला मी सांगू?"

"मग मोठे खेळाडू कसे तयार होतात?"

"बरेचसे आधी चार खेळ खेळतात आणि पंधराच्या आसपास एक धरतात. अंगाला वेगवेगळ्या हालचालींची सवय होते, मन विटत नाही. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांना लवकर लागावं लागतं, पण दुखापतीचा धोका तिथेही टळत नाही. फुटबॉलला एवढी घाई नाही रे. स्की केलं असतं तर चीर पडलीच नसती, असं मी म्हणणार नाही. धोका कमी झाला असता, एवढं नक्की."

काही महिन्यांनी हाड जुळलं. सुन्निवा परत आली, दोन सामने खेळली आणि बूट काढून ठेवले.

"पाठ दुखते का?"

"नाही."

"मग?"

"नको वाटतं, पपा."

पुढच्या ईस्टरला सगळे डोंगरातल्या लाकडी घरी गेले. तिची भावंडं ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे पाठपिशवीत संत्री घेऊन स्कीवरून निघून गेली. सुन्निवा खिडकीत बसली. आमच्याकडे पंधरा वर्षांच्या पोरीला धड स्की येत नाही म्हणजे माणसांत असून नसल्यासारखंच. आर्नफिनला ते बघवेना.

"चल, मी शिकवतो. हेल्गेने परवानगी दिलीय."

ती आली. चार पावलं घसरली, धपकन पडली आणि चक्क हसली. कित्येक महिन्यांनी हसली. आर्नफिनचे डोळे भरून आले. ती उठली, पुन्हा निघाली.

"गुडघे वाकव!" तो मागून ओरडला. "वजन पुढे! खाली काय बघतेस, नजर वर! पुन्हा!"

सुन्निवा थांबली. तिने स्की सोडवल्या आणि बर्फात खोचल्या.

"पपा, तू कसा बोलतोस, ते ऐकू येतं का तुला?"

त्याला ऐकू आलं होतं. माफी मागावी असं त्याच्या मनातही आलं. पण एवढी वर्षं सवय एकाच गोष्टीची.

"उद्या परत करू," ती घराकडे वळली तसा तो मागून ओरडला, "दहाच मिनिटं!"

तिने आत जाऊन कडी लावली.