आईची घागर ट्रेलरमध्ये

लातूरला आलो तेव्हा मला लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम येत होतं, बस्स. नववीत शाळा सुटली, बिलोलीच्या एका फोटो स्टुडिओत शिकलो. मी जिला ताई म्हणतो ती आणि तिचा भाऊ मिळून कॉम्प्युटरवरचा एक छोटा गेम बनवत होते, ट्यूशनवाल्या पोरांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. शिकलेली माणसं. त्यांनी मला ठेवून घेतलं, वर दोन्ही वेळचं जेवणही त्यांच्याच घरी. त्या उपकारानं माझा जीव कायम दडपलेला असायचा. वाटायचं, एक दिवस यांना कळंल की आपण चुकीचा माणूस धरला.

गेम पाण्याच्या रांगेचा. टँकर यायच्या आधी घागर ठेवून नंबर धरायचा, घागर नसली तर दगड, नाहीतर चप्पल. आपण सावलीला गेलो की कुणीतरी घागर मागं सरकवतं, मग भांडायचं, नाहीतर समजूत घालायची. टँकर रिकामा व्हायच्या आत आपली भरली पाहिजे. गेम विकायला इंटरनेटवरच्या स्टोअरवर त्याचं एक पान लावायचं होतं: वर्णन, चित्रं, ट्रेलर. ते काम ताईनं माझ्यावर सोपवलं.

मी जीव ओतून ट्रेलर केला. आधी आमच्या टीमचं चिन्ह, मग सनई, हळूहळू उगवता सूर्य, मोकळं माळरान, सोनेरी अक्षरांत नाव. ताईनं तो आवाज बंद करून बघितला.

"आवाज चालू करा की ताई."

"लोक न्हाई करत. पानावर बिनआवाजाचंच बघतेत बरेच जण." मग म्हणली, "छान हाय रे. पण नवरा-नवरी कधी येणार?"

तिचा भाऊ खुर्चीतच हसत सुटला. "ताई, आधी मामा लोकांचा सत्कार व्हायचाय!"

माझे कान तापले. वर्णनातही मी तसंच करून ठेवलं होतं, 'जीवनाच्या प्रवासाची हृदयस्पर्शी गाथा'. चित्रं सूर्यास्ताची, रिकाम्या रस्त्याची, एक तर नुसतं नावाचं.

"ह्यात खेळणारा करतो काय?" ताई म्हणली. "पहिल्या चार चित्रांत तेच दिसाय पाहिजे. अन् ट्रेलरात पहिल्या सेकंदापासून खेळ. माणूस तेवढ्यात ठरवतो, थांबायचं का जायचं."

मग तिनं स्वतःच गेम चालवून एक तुकडा पकडला. चप्पल सरकते, घागर मागं जाते, आणि एक बाई ओरडते: "घागरीला हात तर लाव, तंगडंच मोडीन तुझं!" ताई टाळी वाजवून म्हणली, "हेच! इथूनच सुरू करायचं."

तो आवाज माझ्या आईचा होता. गर्दीचे आवाज हवेत म्हणून गावी गेलो तेव्हा मोबाईल रेकॉर्डिंगला लावून रांगेजवळच्या ओट्यावर ठेवून दिला होता. गेममध्ये तो शंभर आवाजांत मिसळून जाईल असं वाटलं होतं. आता तो सगळ्यांत पुढं येणार, जगासमोर. केस विस्कटलेली, पदर खोचलेली आई माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

आवाजाशिवाय आणि परदेशात बघणाऱ्यांसाठी खाली तेच वाक्य इंग्रजीत लिहायचं होतं. मी मोबाईलवर शोधून शोधून लिहिलं. ताईनं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"हे तर 'कृपया माझी घागर हलवू नका' असं झालं. ती बाई असं म्हणली का?"

"न्हाई."

"मग?"

"आई हाय माझी ती."

'कृपया' ऐकून हसणारा भाऊ थांबला. ताई हळूच म्हणली, "तिला इचारलंस का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग आधी इचार. न्हाई म्हणली तर दुसरं काढू."

जिन्यात जाऊन फोन लावला. सगळं सांगितलं, अडखळत. तुझं भांडण लोक बघणार, परदेशातलेही. मला वाटलं, आता रडते की काय.

"मी भांडताना?" आई म्हणली. "अन् मग पाणी मिळालं का?"

"कुणाला?"

"मला! त्या गेममधी."

"ते खेळणाऱ्यावर हाय. कधी मिळतंय, कधी न्हाई."

"न्हाई कसं? पयला नंबर माझा व्हता. मागच्या बाईनं सरकवली घागर. तसं लिव्ह तिथं, न्हाईतर लोकाला वाटंल मी उगंच भांडखोर." मग आवाज खाली आणून म्हणली, "तुला लाज वाटली व्हय रे?"

"न्हाई गं," मी म्हणलो. तिनं ते ऐकून घेतलं, आणि जेवलास का विचारलं.

वर आलो. गाथा पुसून टाकली. वर्णनाची पहिली ओळ लिहिली: पहाटे घागर ठेवून तुम्ही पहिला नंबर धरला. कुणीतरी ती सरकवली. आता काय कराल? ताईनं ती आहे तशी ठेवली.

मग खालचं इंग्रजी. तंगडं मोडण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. ताईला विचारावं लागलं, मान खाली घालून, आणि ती एकेक अक्षर सांगत गेली तसं मी लिहीत गेलो.