लेथचं उरलेलं आयुष्य

सत्तरच्या दशकात कोल्हापुरात एका मशीन शॉपचे हिशेब मी लिहायचो. साठ हजारांच्या लेथचं आयुष्य दहा वर्षं धरलेलं, म्हणून झिजेपोटी नफ्यातून वजा होणारा घसारा दरसाल सहा हजार. चार वर्षांनी पुस्तकी किंमत छत्तीस हजार उरली.

खंडेनवमीला लेथला हार घालून मालक गिऱ्हाइकाला म्हणाले, "पावणं, अजून धा वर्सं ह्यो हलत न्हाय की!"

दिवाळीला कामगारांनी नफ्यातून बोनस मागितला. तेच मालक मला म्हणाले, "लेथ खिळखिळा झालाय. हे वरीस धरून दोनच वर्सं लिव."

छत्तीस हजार दोन वर्षांवर वाटले. घसारा अठरा हजार झाला, नफा आटला, बोनस बुडाला.

तिसऱ्या वर्षी हिशेबात संपलेला तो लेथ धडधडत चालूच होता. खंडेनवमीला मालकांनी आम्हाला त्याच्या पाया पडायला लावलं.